घरात माणसं वाढली आणि मालकाचा मेसेज आला

‘नमस्कार. फ्लॅटमध्ये सध्या नक्की किती जण राहतात ते आज कळवा. सोसायटीतून फोन आला होता.’ भाड्याच्या घरात आई-वडील, सासू-सासरे किंवा शिकायला आलेला पुतण्या राहायला आला की थोड्याच दिवसांत असा मेसेज येतो. मेसेज दोन ओळींचा असतो, पण भाडेकरूच्या पोटात गोळा येतो. भाडं वाढवणार की घर खाली करायला सांगणार, या धास्तीने मग ‘पाहुणे आलेत, चार दिवसांत जातील’ असं उत्तर जातं. तीन महिन्यांनी तेच पाहुणे लिफ्टमध्ये भेटतात तेव्हा मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि भाडेकरू खोटं बोलला, हाच मुद्दा उरतो.

महाराष्ट्रातल्या शहरांत आज बहुतेक घरं ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. या लेखात विचार केला आहे तो अशाच घरांचा. या पद्धतीत माणसं वाढणं हा सहसा गुन्हाही नसतो आणि करारभंगही नसतो. मात्र ती कशी कळवली, काय शब्दांत कळवली आणि सोबत कशावर सही केली, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

मालक संख्या का विचारतो, हे आधी समजून घेतलेलं बरं. भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये कोण राहतं याची माहिती सोसायटी सभासदाकडे, म्हणजे मालकाकडे मागते, भाडेकरूकडे नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तालयं वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची जबाबदारी घरमालकावर टाकतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली मालकावर कारवाई होऊ शकते. त्यामुळे आपल्या फ्लॅटमध्ये आपल्याला ठाऊक नसलेला सज्ञान माणूस राहतो आहे, हे वॉचमनकडून कळलं की मालक अस्वस्थ होतो. त्यात पोटभाडेकरूची भीती असतेच. ‘दिलं एकाला आणि राहतात चौघं’ हा अनुभव अनेक मालकांच्या गाठीशी असतो.

आधी करार काढा

मेसेजला उत्तर देण्यापूर्वी नोंदणी केलेला करार काढून तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, घर कोणाच्या राहण्यासाठी दिलं आहे, याबद्दलचं वाक्य. ‘लायसन्सी व त्याचे कुटुंबीय’ असं लिहिलं असेल तर आई-वडील आल्याने करार मोडला, असं म्हणणं अवघड आहे. दुसरी, संख्येची अट. ‘जास्तीत जास्त चार व्यक्ती’ अशी किंवा नावानिशी यादी असेल, तर पाचवी व्यक्ती कायम राहायला येण्याआधी मालकाची लेखी संमती लागेल. तिसरी, पोटभाड्याची मनाई. ती जवळजवळ प्रत्येक करारात असते.

कराराच्या शब्दांना इतकं महत्त्व का, याचं कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याचा मालकाचा हक्क कलम २४ मध्ये आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. साध्या भाषेत सांगायचं तर, ‘किल्ली देताना काका म्हणाले होते, कितीही माणसं राहा, माझं काही म्हणणं नाही’ हे वाद सुरू झाल्यावर उपयोगी पडत नाही. उलट मालकालाही करारात नसलेली अट नंतर तोंडी घुसडता येत नाही.

एक मर्यादा मात्र भाडेकरूने ध्यानात ठेवावी. बहुतेक करारांत ‘लॉक-इन’ची मुदत संपल्यावर कोणत्याही पक्षाला एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येतो आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. म्हणजे आई-वडिलांना ठेवण्यात भाडेकरूची बाजू शंभर टक्के बरोबर असली, तरी मालक या कलमाचा आधार घेऊ शकतो. म्हणून कायद्याचा कीस पाडण्यापेक्षा मालकाची खरी शंका कोणती ते ओळखून ती कागदावर दूर करणं जास्त उपयोगाचं ठरतं.

पाहुणा कोण आणि राहणारा कोण?

किती दिवस राहिलं की पाहुण्याचा रहिवासी होतो, याचा आकडा भाडे नियंत्रण कायद्यात नाही. करारात ‘सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहणारी व्यक्ती’ असं काही लिहिलं असेल तर तेच प्रमाण. नसेल तर व्यवहारातल्या खुणा पाहाव्यात. त्या व्यक्तीचं दुसरीकडे चालू घर आहे का? ती परत कधी जाणार हे ठरलंय का? तिच्याकडे फ्लॅटची स्वतंत्र किल्ली आहे का? तिची शाळा, कॉलेज, नोकरी किंवा नियमित उपचार याच पत्त्यावरून चालू आहेत का?

दिवाळीला आठ दिवस आलेली आत्या पाहुणी असते. कॉलेजात प्रवेश घेऊन आलेला पुतण्या दर शनिवारी गावी जात असला तरी पाहुणा नसतो. शंका असेल तिथे व्यक्तीला ‘राहणारी’ धरून कळवणं सुरक्षित, कारण जास्त संख्या कळवल्याने प्रामाणिकपणावर बोट ठेवता येत नाही.

एक उदाहरण, पहिल्यापासून

वाकडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट समजा. महिन्याचं भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००, करार १ जूनपासून अकरा महिन्यांचा, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत. घर ‘लायसन्सी व कुटुंबीय’ यांच्यासाठी दिलेलं आहे. संख्येची अट नाही. करार झाला तेव्हा नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी, असे तिघं राहत होते. ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला पुतण्या आला. नोव्हेंबरमध्ये वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आई-वडील गावाहून आले. आता सहा जण राहतात. मालकाचा मेसेज आला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

अशा वेळी फोनवर ‘हो काका, सहा जण आहोत’ एवढं सांगून थांबू नये. फोनवर नम्रपणे कल्पना द्यावी, ‘आज संध्याकाळी सविस्तर लिहून पाठवतो’ म्हणावं आणि खरोखर पाठवावं. ई-मेल उत्तम; व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर सही केलेल्या पत्राची पीडीएफ पाठवावी, म्हणजे मजकूर आणि तारीख एकत्र राहतात. मजकूर साधारण असा असावा:

‘आपल्या करारानुसार या सदनिकेत मी, माझी पत्नी व मुलगी (वय ६) राहतो. ऑगस्टपासून माझा सख्खा पुतण्या (वय १९) शिक्षणासाठी आणि ८ नोव्हेंबरपासून माझे वडील (वय ७१) व आई (वय ६६) आमच्यासोबत राहत आहेत. वडिलांचे उपचार चालू असल्याने आई-वडील एप्रिलअखेरपर्यंत राहतील असा अंदाज आहे. आजच्या तारखेला सदनिकेत राहणाऱ्या व्यक्तींची संख्या सहा आहे. यांपैकी कोणाकडूनही राहण्याचा मोबदला घेतला जात नाही. सर्वजण माझ्यासोबत कुटुंबीय म्हणून राहत असून त्यांचा सदनिकेवर स्वतंत्र हक्क नाही. या संख्येत बदल झाल्यास सात दिवसांत कळवीन. करारातील सर्व अटी पूर्वीप्रमाणे कायम आहेत.’

पत्रात अर्थातच प्रत्येकाचं पूर्ण नाव घालावं. या मजकुरातल्या चार वाक्यांना विशेष वजन आहे. ‘आजच्या तारखेला’ हे शब्द संख्येला काळाची चौकट देतात. पुढे कुणी आलं-गेलं तर जुनं पत्र खोटं ठरत नाही. मोबदल्याचं आणि स्वतंत्र हक्क नसल्याचं अशी दोन वाक्यं मालकाच्या मनातली पोटभाड्याची शंका सरळ दूर करतात. आणि ‘अटी पूर्वीप्रमाणे कायम’ हे वाक्य भाडेकरूसाठी आहे: माहिती दिली म्हणजे भाडं किंवा मुदत बदलायला होकार दिला, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

सोबत ओळखपत्रं द्यायची तर सज्ञान व्यक्तींची द्यावीत. आधारची प्रत मागितली तर ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करून द्यावं. त्यात क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. प्रतीवर ‘फक्त पोलीस व सोसायटी नोंदीसाठी’ असं लिहून तारीख घालावी. वडिलांच्या ऑपरेशनचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या मालकाला दाखवण्याची गरज नाही.

पुतण्याचा प्रश्न वेगळा

आई-वडील ‘कुटुंबीय’ या शब्दात बसतात, यावर सहसा वाद होत नाही. पुतण्या, मेहुणा, मावसबहीण यांच्याबाबतीत होतो, विशेषतः करारात कुटुंबीय म्हणजे कोण हे लिहिलेलं नसेल तेव्हा. त्यातही जवळचं नातं असूनही पोटभाड्याचा संशय येतो तो पैशामुळे.

समजा, पुतण्याचे वडील दर महिन्याला पाच हजार रुपये यूपीआयने पाठवतात. हेतू साधा आहे: मुलाच्या जेवणाखाणाचा भार भावावर नको. पण पाठवताना शेऱ्याच्या चौकटीत ते ‘rent’ असं टाकतात, कारण त्यांच्या मते तो खर्च त्यातच मोडतो. वाद झालाच तर बँकेच्या उताऱ्यावर ओळीने उभे असलेले हे शेरे ‘घराचा भाग भाड्याने दिला’ या आरोपाला आयता पुरावा ठरू शकतात. घरखर्चाचे पैसे घरखर्च म्हणूनच यावेत. आणि पुतण्या खरोखरच भाड्याचा वाटा देणार असेल, तर ‘मोबदला घेतला जात नाही’ हे वाक्य पत्रात लिहूच नये. त्याऐवजी मालकाशी बोलून पुढच्या करारात त्याचंही नाव लायसन्सी म्हणून घालावं.

‘माणसं वाढली, तीन हजार वाढवा’

उदाहरणातल्या मालकाने पत्र वाचून उत्तर दिलं: तीन माणसं वाढली, पाणी जास्त लागतं, सोसायटी जास्त पैसे मागते, म्हणून डिसेंबरपासून भाडं २७,०००. इथे भाडेकरू एकतर गुपचूप मान्य करतो किंवा भांडतो. दोन्हींआधी सोसायटीचं मेंटेनन्स बिल मागून घ्यावं: जुलैचं आणि नोव्हेंबरचं.

त्यामागचं कारण असं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाणीपट्टीची विभागणी फ्लॅटमध्ये किती जण राहतात यावर होत नाही, तर नळजोडांची संख्या आणि आकार यांवर होते. सेवाशुल्क सर्व फ्लॅटना सारखं असतं. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, त्यालाही १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने मर्यादा घातलेली आहे: महापालिकेचे कर वगळून उरणाऱ्या सेवाशुल्काच्या दहा टक्के. त्यात माणशी आकारणीला जागा नाही. त्यामुळे जुलै आणि नोव्हेंबरच्या बिलांत फरक नसेल, तर ‘सोसायटी जास्त पैसे मागते’ हे कारण तिथेच संपतं.

पण सगळ्याच सोसायट्या महापालिकेच्या नळावर चालत नाहीत. पुण्याच्या पश्चिमेला टँकरवर अवलंबून असलेल्या कितीतरी इमारती आहेत. काही ठिकाणी प्रत्येक फ्लॅटला पाण्याचे मीटर बसवलेले आहेत आणि तिथे वापर वाढला की बिल खरोखर वाढतं. किती वाढू शकतं, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं. तीन माणसांचे रोजचे ४०५ लिटर, महिन्याचे साधारण १२,००० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरपेक्षा थोडं जास्त. सोसायटी एका टँकरला किती मोजते ते सेक्रेटरींकडे विचारलं की वाढीव पाण्याची किंमत हातात येते आणि तीन हजारांची मागणी तिच्याशी ताडून पाहता येते.

मीटरचं बिल वाढलं असेल तर वाढीव रक्कम वेगळी देण्याची तयारी दाखवावी: ‘काका, भाडं करारात आहे तेच राहू द्या, पाण्याच्या बिलातला फरक मी दर महिन्याला भरतो.’ यात दोघांचंही नुकसान नाही. आई-वडील एप्रिलमध्ये गावी गेले की हा फरक आपोआप बंद होतो. एकदा वाढलेलं भाडं मात्र खाली येत नाही. कराराच्या मुदतीत एकट्या मालकाला भाडं बदलता येत नाही, त्याला दोघांची संमती लागते, ही गोष्ट या बोलण्यात भाडेकरूच्या बाजूने असते.

कधी पत्र पुरतं, कधी नाही

करारात संख्येची अट नसेल आणि फक्त माहिती द्यायची असेल, तर पत्र पुरतं. अट बदलायची असेल, नवं नाव लायसन्सी म्हणून घालायचं असेल किंवा भाडं वाढवायचं ठरलं असेल, तर साध्या कागदावरच्या सह्यांवर विसंबू नये. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं.

खर्चाच्या भीतीने हे टाळलं जातं, पण खर्च फार नसतो. याच फ्लॅटचा एप्रिलनंतर आणखी अकरा महिन्यांचा करार करायचा तर एकूण भाडं २,६४,००० रुपये होतं. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज साधारण ६,९००. या बेरजेच्या पाव टक्का, म्हणजे सुमारे ७०० रुपये मुद्रांक शुल्क आणि शहरी भागात १,००० रुपये नोंदणी फी. ई-नोंदणीचा आणि एजंटचा खर्च वेगळा. उदाहरणातल्या कुटुंबाने आई-वडील पुढेही राहणार असतील तर हीच वेळ साधावी आणि नव्या करारात राहणाऱ्यांची नावं आणि नाती लिहून घ्यावीत. एक कलम आणखी मागावं: ‘लायसन्सीचे आई-वडील व सासू-सासरे पूर्वसूचना देऊन राहू शकतील.’

कशावर सही करू नये

संख्या विचारण्याच्या निमित्ताने काही वेळा तयार ‘हमीपत्र’ पुढे केलं जातं. त्यातली तीन वाक्यं नीट वाचावीत. ‘भविष्यात अन्य कोणीही व्यक्ती राहणार नाही’ असं असेल तर ‘मालकांना कळवल्याशिवाय’ हे शब्द घालून घ्यावेत. नाहीतर बाळंतपणाला आलेली बहीणसुद्धा करारभंग ठरते. ‘संख्या वाढल्यास डिपॉझिट जप्त’ हे वाक्य खोडून घ्यावं. डिपॉझिट थकबाकी आणि नुकसानीसाठी असतं, माणसांच्या संख्येसाठी नाही. तिसरं, ‘मागील तारखेपासून’ जादा भाडं देण्याची कबुली; तीही खोडून घ्यावी.

खरी संख्या लपवण्याचा मोह मात्र टाळावा. तिघं सांगितले आणि सहा निघाले, तर माणसांच्या संख्येवरून न मिळणारं कारण मालकाला खोट्या लेखी माहितीवरून मिळतं. वॉचमनची वही, पार्किंगचे स्टिकर, प्रवेशासाठीचं मोबाइल अ‍ॅप यांत घरातली माणसं रोज नोंदली जात असतात, त्यामुळे असं लपवणं फार दिवस टिकत नाही.

मालकांसाठीही थोडं

‘आज कळवा’ या मेसेजमधला धाक भाडेकरूला खोटं बोलायला लावतो. त्यापेक्षा का विचारतो आहोत ते लिहावं: पोलिसांकडे माहिती अद्ययावत करायची आहे, सोसायटीला यादी द्यायची आहे. उत्तराला चार-पाच दिवसांची मुदत द्यावी. नाव, वय, नातं, कधीपासून, अंदाजे कधीपर्यंत, एवढे पाच रकाने पुरतात. उत्तरावर विश्वास बसत नसेल तर घर पाहण्याचा हक्क मालकाला आहे, पण तो भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ नुसार आधी सूचना देऊन आणि योग्य वेळी वापरायचा असतो. रात्री दहाला बेल वाजवून चपला मोजणं त्यात बसत नाही. सज्ञान व्यक्ती वाढल्या असतील तर पोलिसांकडे नवी माहिती भरून तिची पावती भाडेकरूलाही द्यावी. घरात परदेशी नागरिक राहायला येणार असेल, तर पोलिसांकडच्या नेहमीच्या नोंदीखेरीज त्याची वेगळी माहिती द्यावी लागते आणि तिची मुदत तो आल्यापासून २४ तासांची असते.

हे सगळं लिव्ह अँड लायसन्सपुरतं. चाळीतल्या, वाड्यातल्या किंवा पागडीच्या जुन्या भाडेकरूचं गणित उलटं आहे. तिथे कलम ७(१५) नुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेला कुटुंबीय भाडेकरू होऊ शकतो. म्हणून अशा घरात मालकाने राहणाऱ्यांची यादी मागितली, तर त्या यादीत नाव असणं किंवा नसणं पुढे कोर्टात वाचलं जाऊ शकतं. तिथे यादी वकिलाला दाखवूनच द्यावी, कुणाचंही नाव गाळू नये आणि दिलेल्या प्रतीवर मालकाची पोच घ्यावी. मालक पोच देत नसेल तर तीच यादी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.